दाढ काढण्याआधीचा डोस: आईला हवा, बाबांना नको

नमस्कार डॉक्टर,
आईचं वय ४६. लहानपणी तिला ऱ्हुमॅटिक ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. सात वर्षांपूर्वी ऑपरेशन करून मायट्रल झडप धातूची बसवली. ती रक्त पातळ करायची गोळी घेते आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शनही घेते. आता खालची दाढ किडली आहे, काढावी लागणार आहे. आमचे डेंटिस्ट म्हणतात, आधी अँटिबायोटिक घ्यावं लागेल, हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. दुसरे एक म्हणाले, ही जुनी पद्धत आहे, आता कुणी देत नाही. आई म्हणते, माझं पेनिसिलिन चालूच आहे की, आणखी कशाला? आणि बाबांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसला, त्यांची दाढ मात्र याच डेंटिस्टनी काहीही न देता काढली. हृदयरोग दोघांनाही आहे, मग हा फरक का?
– एक वाचक, कराड

नमस्कार.

आईला दाढ काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागेल. बाबांना तो नको होता आणि स्टेंटमुळे पुढेही लागणार नाही. आईचं २१ दिवसांचं इंजेक्शन या कामाला पुरत नाही. उलट त्या इंजेक्शनमुळेच आईला कोणतं औषध द्यायचं हे बदलतं, आणि ही गोष्ट चिठ्ठी लिहिताना सुटून जाते असं मी पाहतो. म्हणून चिठ्ठी आणायला सांगणाऱ्या तुमच्या डेंटिस्टांचं ऐका. दुसऱ्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे, पण ते आईला लागू पडत नाही.

ज्या आजाराला आपण घाबरतो त्याचं नाव इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस. हृदयाच्या आतल्या अस्तराला, बहुतेक वेळा झडपेला, जंतूंचा संसर्ग होतो. आपल्या सगळ्यांच्याच रक्तात अधूनमधून जंतू शिरतात. तोंडातून शिरतात, कातडीवरच्या जखमेतून शिरतात, लघवीच्या मार्गातून शिरतात. निरोगी माणसाच्या शरीरात ते काही मिनिटांत गाळले जातात आणि विषय तिथेच संपतो. कारण निरोगी झडपेचं अस्तर गुळगुळीत असतं, जंतूंना धरून बसायला जागाच नसते.

जिथे अस्तर खरवडलेलं असतं, किंवा झडप धातूची असते आणि ती शिवलेल्या कापडी कड्याजवळून रक्त जोरात घुसळत जातं, तिथे रक्तातल्या चिकट पेशी आणि तंतू जमून बारीक थर तयार होतो. नेमक्या त्याच वेळी रक्तात जंतू आले तर ते या थराला चिकटतात. मग त्यांच्यावर आणखी थर चढतो, त्याखाली ते वाढतात, आणि झडपेवर लोंबणारी एक गाठ तयार होते. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यामुळे शरीराच्या लढणाऱ्या पेशी त्या गाठीच्या पोटात पोहोचत नाहीत आणि औषधही मुश्किलीने पोहोचतं. साध्या न्यूमोनियाला आठवडाभर अँटिबायोटिक पुरतं. इथे शिरेतून चार आठवडे, आणि कृत्रिम झडप असेल तर निदान सहा आठवडे द्यावं लागतं. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. झडप शिवलेल्या टाक्यांच्या कडेला पू झाला तर ती सैल होते आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. चांगल्या इस्पितळात, सगळे उपचार मिळूनही, यातले पाचातला एक रुग्ण दगावतो. कृत्रिम झडपेच्या बाबतीत हे प्रमाण याहून वाईट असतं.

आता बाबांकडे येऊ. स्टेंट हृदयाच्या आत नसतो. तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत बसवलेला असतो आणि काही महिन्यांत त्याच्यावर धमनीचं अस्तर चढतं. त्यांच्या झडपा त्यांच्याच आहेत आणि चांगल्या आहेत. दातांच्या कामातून स्टेंटला संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक द्यावं असं कुठलीही संस्था सांगत नाही. बायपास झालेल्यांनाही दातांसाठी हा डोस लागत नाही. पेसमेकरचा संसर्ग होतो तो बहुतेक वेळा बसवतानाच्या जखमेतून, कातडीवरच्या जंतूंमुळे, म्हणून पेसमेकरवाल्यांनाही दातांसाठी देत नाहीत. बाबांच्या बाबतीत काळजी वेगळी आहे. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दात काढायचा आहे म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्टेंट तुंबण्याचा धोका हिरडीतून थोडा वेळ रक्त येण्याच्या धोक्यापेक्षा फार मोठा आहे.

ज्यांना हा डोस खरंच लागतो असे लोक मोजके आहेत. कृत्रिम झडप असलेले, मग ती छाती उघडून बसवलेली असो की मांडीतून नळी घालून. झडप दुरुस्त करताना आत कडं किंवा क्लिप बसवलेले. आणि ज्यांना हा आजार एकदा होऊन गेला आहे ते. या शेवटच्या लोकांना तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. जन्मजात दोषांमध्ये ज्या मुलांचं अंग निळं पडतं आणि ऑपरेशन पूर्ण झालेलं नाही ती मुलं येतात. हृदयातलं छिद्र बटणाने किंवा पॅचने बंद केलं असेल तर पहिले सहा महिने, आणि पॅचच्या कडेने रक्त गळत राहिलं असेल तर नंतरही. हृदय बदललेल्या ज्यांची नवी झडप गळू लागली आहे, तेही यात धरतात. साधारण इतकेच.

आता दुसऱ्या डेंटिस्टांच्या म्हणण्यात जे तथ्य आहे ते सांगतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक द्यावं असं पहिल्यांदा १९५५ मध्ये सांगितलं. पुढची पन्नास वर्षं ही यादी मोठी होती. झडपेत कुठलाही आवाज ऐकू आला की गोळ्या, असा प्रकार होता. २००७ मध्ये त्यांनी यादी कापून वर सांगितलेल्या लोकांपुरती ठेवली. २००८ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर कुणालाच देऊ नका म्हटलं. पुढे तिथे या आजाराचं प्रमाण वाढत असल्याचं दिसलं, त्यावर वाद झाला, आणि २०१६ मध्ये त्यांनी आपल्या वाक्यात ‘सरसकट’ हा शब्द घातला: सरसकट देऊ नका. म्हणजे धोका जास्त असलेल्यांचा विचार डॉक्टरांनी करावा. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्येही जास्त धोक्याच्या रुग्णांना द्यावं असंच सांगितलं. म्हणजे आता कुणी देत नाही हे खरं नाही. आता थोड्यांनाच देतात, आणि आई त्या थोड्यांमध्ये आहे.

यादी लहान का केली हे समजलं की बाकीचं आपोआप कळतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दात घासल्यानंतर आणि दाढ काढल्यानंतर लोकांचं रक्त तपासलं. हा आजार करू शकणारे जंतू नुसतं दात घासल्यावर साधारण २३ टक्के लोकांच्या रक्तात सापडले. अँटिबायोटिक न घेता दाढ काढलेल्यांत ६० टक्क्यांच्या, आणि अमॉक्सिसिलिन घेऊन काढलेल्यांत ३३ टक्क्यांच्या. यातून दोन गोष्टी दिसतात. औषधाने फरक पडतो. पण पूर्ण संरक्षण मिळत नाही. आणि दाढ आयुष्यात दोन-चार वेळा काढली जाते, दात मात्र रोज दोनदा घासले जातात, जेवण रोज चावलं जातं. वर्षभराची बेरीज केली तर डेंटिस्टच्या खुर्चीपेक्षा घरच्या मोरीतच जंतू जास्त वेळा रक्तात जातात. हिरड्या सुजलेल्या असतील, दातांवर कीट जमलं असेल, ब्रश लावला की रक्त येत असेल, तर आणखीच. त्यामुळे ज्यांच्या झडपेला धोका कमी आहे त्यांना आयुष्यभर गोळ्या देऊन फारसं काही साधत नाही, आणि क्वचित कुणाला औषधाची जबर ॲलर्जी मात्र येऊ शकते. धातूची झडप असलेल्या माणसाला मात्र हा आजार झाला तर त्याची किंमत इतकी मोठी असते की एका डोसाचा लहानसा धोका पत्करणं योग्य ठरतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आईसारखे अनेक जण आपल्याकडे आहेत. ऱ्हुमॅटिक तापाने झडप खराब झालेली आहे, पण अजून बदललेली नाही, अशांचं काय? अमेरिकेच्या यादीत ते नाहीत. युरोपात त्यांना मधल्या धोक्याचे मानतात आणि सरसकट डोस देत नाहीत, पण एखाद्या रुग्णाचा वेगळा विचार करायला मोकळीक ठेवतात. आपल्याकडचे काही हृदयरोगतज्ज्ञ आजही देतात. अशा घरातल्यांनी आपल्या तज्ज्ञांना एकदा थेट विचारून उत्तर फाइलवर लिहून घ्यावं, म्हणजे दर वेळी नव्याने वाद होत नाही.

आता आईचा प्रश्न. माझं पेनिसिलिन चालू आहे की, असं तिला वाटणं साहजिक आहे, पण ते इंजेक्शन वेगळ्या कामासाठी आहे. ऱ्हुमॅटिक ताप घशात येणाऱ्या एका विशिष्ट स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे उद्भवतो. तो जंतू पेनिसिलिनला इतका नरम आहे की रक्तात औषधाचं अगदी थोडं प्रमाण असलं तरी मरतो. म्हणून १२ लाख युनिटचं इंजेक्शन कमरेत दिलं की ते तीन आठवडे हळूहळू झिरपत राहतं आणि तेवढं प्रमाण पुरतं. दाढ काढताना रक्तात उतरणारे जंतू वेगळे. तेही स्ट्रेप्टोकोकसच, पण हिरड्यांत आणि दातांच्या कीटात राहणारे. त्यांना थांबवायला त्या अर्ध्या-पाऊण तासात रक्तात औषध भरपूर असावं लागतं, आणि इंजेक्शनातून झिरपणारं औषध तेवढं नसतं.

इतकंच असतं तर वरून अमॉक्सिसिलिन देऊन काम झालं असतं. पण वर्षानुवर्षं थोडं थोडं पेनिसिलिन मिळत राहिलेल्या तोंडात जे जंतू टिकतात, ते पेनिसिलिनला दाद न देणारे असण्याची शक्यता वाढते. अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं औषध आहे. सेफॅलेक्सिनही जवळचंच. म्हणून अशा रुग्णाला दुसऱ्या घराण्यातलं औषध द्यावं असं मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे: अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, एकच डोस. इतर मोठ्या माणसांना, ज्यांचं पेनिसिलिन चालू नाही आणि ॲलर्जी नाही, त्यांना अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम देतात. मुलांना वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम. पूर्वी पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना क्लिंडामायसिन देत. २०२१ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते यादीतून काढलं, कारण त्याच्या एका डोसानेही आतड्यांचा गंभीर त्रास झाल्याची उदाहरणं होती. जुन्या चिठ्ठीवर ते नाव असेल तर नवी चिठ्ठी घ्या. आईला यातलं नेमकं कोणतं द्यायचं ते तिच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचं आहे, कारण हृदयाच्या ठोक्यांसाठी ती आणखी काही औषध घेत असेल तर अझिथ्रोमायसिन टाळावं लागू शकतं. तुम्ही फक्त एवढं करा: भेटायला जाल तेव्हा ‘आईचं दर २१ दिवसांनी पेनिसिलिन चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि ते इंजेक्शन दाढ काढली म्हणून बंद करू नका.

त्या दिवशीचा क्रम असा असावा.

दोन दिवस आधी आयएनआर, म्हणजे गोळीने रक्त किती पातळ झालं आहे ते दाखवणारा आकडा, तपासा. आईच्या धातूच्या मायट्रल झडपेसाठी तो साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. तेवढ्यात असेल तर एक दाढ गोळी बंद न करता काढता येते. डेंटिस्ट तिथे टाका घालतात, जाळीसारखा स्पंज भरतात, ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेला बोळा दाबून धरायला देतात. आयएनआर वर गेला असेल तर तारीख पुढे ढकलावी. दाढ काढायची म्हणून चार दिवस आधीपासून गोळी बंद ठेवा, असा सल्ला शेजारीपाजारी देतात, कधी दवाखान्यातही मिळतो. धातूच्या मायट्रल झडपेवर चार दिवसांत रक्ताची गुठळी बसू शकते. तज्ज्ञांच्या लेखी सांगण्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.

शक्य असेल तर सकाळची वेळ घ्या. संध्याकाळी उशिरा रक्त वाहू लागलं तर कराडमध्येही डेंटिस्ट शोधत फिरावं लागेल. अँटिबायोटिकचा डोस काम सुरू होण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचा. दवाखान्यात रांग असेल म्हणून घरून निघतानाच गोळी देऊन टाकू नका. खुर्ची कधी मिळणार ते विचारून मग द्या. विसरलीच, तर काम झाल्यावर दोन तासांच्या आत घेतली तरी चालते. आणखी एखाद्या दाताचं खोल स्केलिंग किंवा रूट कॅनाल करायचं असेल तर डेंटिस्टना विचारा, एकाच बैठकीत जेवढं जमेल तेवढं करता येईल का. म्हणजे डोस पुन्हा पुन्हा लागत नाही.

डोस कोणत्या कामाला लागतो हेही सांगतो. जिथे हिरडी किंवा दाताच्या मुळाचं टोक हाताळलं जातं, तोंडाचं आतलं अस्तर फाटतं, तिथे लागतो. दात काढणं, खोल स्केलिंग, हिरडीचं ऑपरेशन, इम्प्लांट यांत तो येतो. एक्स-रे काढणं, कवळी बसवणं किंवा घासून नीट करणं, जिथे संसर्ग नाही अशा जागी भुलीचं इंजेक्शन देणं, मुलांचे दुधाचे दात पडणं, यांना लागत नाही. उद्या आईला कवळी करायची झाली तर मापं द्यायला जाताना काही नको.

काम झाल्यावर पुढे एक अडचण येते, तिच्याकडे लक्ष ठेवा. दाढ काढली की आपल्याकडे पाच दिवसांची अँटिबायोटिकची पुडी देण्याची सवय आहे आणि तिच्यात बहुतेक वेळा मेट्रोनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल असतं. मेट्रोनिडाझोलने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढतो. आयएनआर चढतो, आणि काढलेल्या जागेतून तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा रक्त सुरू होतं. कधी लघवीतून किंवा मेंदूतही. झडपेच्या संरक्षणासाठी एकच डोस पुरतो, पाच दिवसांचा नाही. जबड्यात पू असेल तर उपचार म्हणून अँटिबायोटिक लागू शकतं, पण मग तिसऱ्या दिवशी आयएनआर पुन्हा बघायला सांगा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या नकोत, त्यांनीही रक्तस्राव वाढतो. आणि त्याच कारणाने दंडात किंवा कमरेत दुखण्याचं इंजेक्शन घेऊ नका. स्नायूत रक्त साकळतं. पेनिसिलिनच्या इंजेक्शनाबाबत तज्ज्ञांनी हिशोब करून ठरवलेलं असतं, म्हणून ते त्यांच्याच सूचनेप्रमाणे चालू ठेवा.

दाढ काढून झाली की बाकीच्या तोंडाकडे बघा. आई मिसरी लावते का, हे मला पत्रातून कळत नाही, पण सातारा-सांगली भागातल्या तिच्या वयाच्या बायकांना मी हे हमखास विचारतो. मिसरी लावणाऱ्यांच्या हिरड्या मागे सरकतात, दातांच्या मुळाशी काळा थर चढतो, आणि तिथे ब्रश लागेनासा होतो. लावत असेल तर बंद करायला मदत करा. ब्रश मऊ घ्या. दर सहा महिन्यांनी स्केलिंग करा, त्या वेळी वरचाच डोस घेऊन. घासताना रक्त येतं म्हणून बरेच जण घासणं कमी करतात. रक्त पातळ ठेवणाऱ्यांमध्ये तर ही भीती जास्त असते. पण रक्त येतं ते हिरडी सुजलेली असते म्हणून, आणि घासणं कमी केलं की सूज वाढते. आठ-दहा दिवस नीट घासल्यावर रक्त बहुतेक वेळा कमी होतं. तरीही थांबत नसेल तर आयएनआर आणि डेंटिस्ट दोन्ही बघा.

एवढी सगळी काळजी घेऊनही आजार होऊ शकतो, आणि त्याचे जंतू दरवेळी दातांतूनच येतात असंही नाही. सलाइनची सुई, डायलिसिसची नळी, कातडीवरचं गळू, लघवीचा संसर्ग, यांतूनही येतात. म्हणून मला तापाबद्दल बोलायचं आहे. दाढेच्या डोसापेक्षा इथे जास्त माणसं हातची जातात.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकिकत सांगतो. झडप बदललेली, शेतात राबणाऱ्या. संध्याकाळी कणकण यायची, अंग मोडून यायचं, जेवण जाईना. जवळच्या दवाखान्यात टायफॉइड समजून अँटिबायोटिक दिलं. चार दिवसांत ताप उतरला, औषध संपलं, आठवड्याने ताप परत. दुसरं अँटिबायोटिक. पुन्हा तसंच. दीड-दोन महिने असे गेले. दरम्यान वजन उतरलं, रात्री घाम येऊन चादर भिजू लागली, पाठ दुखू लागली. नखांखाली बारीक लालसर-काळ्या उभ्या रेघा होत्या, त्या शेतकामाच्या वाटल्या. एका सकाळी उजव्या हातातून भांडं सुटलं आणि बोलणं अडखळलं. तेव्हा त्या मोठ्या इस्पितळात पोहोचल्या.

तिथे रक्ताचं कल्चर लावलं तर काहीच उगवलं नाही. मधल्या अर्धवट अँटिबायोटिकने रक्तातले जंतू एवढे कमी झाले होते की बाटलीत वाढेनात, पण झडपेवरच्या गाठीत ते जिवंत होते. कोणता जंतू आहे तेच माहीत नसल्याने उपचार अंदाजाने करावे लागले. साध्या इकोत धातूच्या झडपेची सावली पडते, तिच्यामागे गाठ दिसली नाही. घशातून नळी घालून इको केला तेव्हा दिसली. सहा आठवडे शिरेतून औषधं चालली. त्या वाचल्या, पण उजव्या हाताची पकड पूर्वीसारखी आली नाही. पहिल्याच आठवड्यात, पहिली गोळी देण्याआधी रक्त कल्चरला गेलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं असं मला वाटतं.

म्हणून आईला कारण न कळणारा ताप दोन-तीन दिवसांच्या वर टिकला, किंवा येऊन-जाऊन राहिला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी ब्लड कल्चर करायचं. तेही एकदा रक्त काढून भागत नाही. तीन वेळा, वेगवेगळ्या जागी नव्याने सुई टोचून, मध्ये थोडा वेळ सोडून रक्त घेतात, आणि मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर तरी रक्त जावं लागतं. ताप चढेपर्यंत थांबायची गरज नाही. या आजारात जंतू रक्तात सतत येत असतात, अंग थंड असतानाही कल्चर लागतं. आई अगदी कोसळलेली असेल, धाप लागली असेल, रक्तदाब खाली गेला असेल, तर मात्र रक्त काढून घेऊन लगेच उपचार सुरू करतात, निकालाची वाट बघत नाहीत. आणि तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलता न येणं, असं काही अचानक झालं तर तापाचा विचार न करता सरळ मेंदूचं स्कॅन होणाऱ्या इस्पितळात न्या आणि झडपेची फाइल बरोबर घ्या.

तालुक्याच्या ठिकाणी कल्चरच्या बाटल्या सगळीकडे मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. कराड-सातारा-सांगलीच्या पट्ट्यात मोठ्या प्रयोगशाळा आहेत. ताप येण्याआधीच, आत्ताच चौकशी करून ठेवा, कुठली लॅब ब्लड कल्चर घेते आणि किती वाजेपर्यंत. तुमच्या घरच्या डॉक्टरांनाही आधीच सांगून ठेवा, ‘आईची झडप धातूची आहे, ताप आला तर कल्चरच्या आधी अँटिबायोटिक नको.’ चांगले डॉक्टर यावर रागावत नाहीत.

एक कार्ड करा, आईच्या पाकिटात ठेवा आणि फोटो तुमच्या नि बाबांच्या मोबाइलमध्ये. त्यावर लिहा: मायट्रल झडप, धातूची, बसवल्याचं वर्ष. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव आणि आयएनआर किती ठेवायचा. दर २१ दिवसांनी पेनिसिलिन. दातांच्या कामाआधी कोणता डोस, हे तज्ज्ञांनी लिहून सही केलेलं. खाली हृदयरोगतज्ज्ञांचा फोन. हे कार्ड घेऊन आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, मग डेंटिस्टकडे. दाढेला सूज किंवा पू नसेल तर आठवडाभर उशीर चालेल. सूज आली, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर दोघांनाही त्याच दिवशी फोन करा.